लोटलीच्या घराची लाल जमीन, खिडकीचं प्रतिबिंब आणि एलटीसी : सायकल्सशी का जुळत नाही?

बाल्कांवकार, मडगाव

मंडळी, लोटलीतल्या एका जुन्या घराचं ब्राउझरमध्ये फिरून बघता येईल असं दालन करतोय. मालकांना तिथे होमस्टे काढायचाय. लाल ऑक्साईडचा घोटलेला कोबा हेच त्या घराचं वैभव, त्यामुळे जमिनीवर पडणारं खिडकीचं प्रतिबिंब नीट दिसलंच पाहिजे अशी अट आहे.

शेडर स्वतः लिहिलाय, वेबजीएल 2. खिडकी म्हणजे आयताकृती प्रकाश, आणि त्यासाठी एलटीसी, म्हणजे लिनिअरली ट्रान्सफॉर्म्ड कोसाइन्स, अशा प्रकाशाची चकाकी थेट सूत्राने मोजायची पद्धत. दोन 64 × 64 तक्ते मूळ लेखकांच्या खुल्या कोडमधूनच घेतलेत. तुलनेसाठी तेच दृश्य ब्लेंडरच्या सायकल्समध्ये रेंडर केलं.

मापं अशी : खिडकी 1.2 मीटर रुंद, खालची कड जमिनीपासून 0.9 मीटरवर, वरची 2.4 वर. कॅमेरा भिंतीपासून 6 मीटर लांब, 1.5 मीटर उंचीवर. जमिनीचा रफनेस 0.4.

अडचणी तीन.
एक, माझं प्रतिबिंब फारच फिकं आहे.
दोन, जे दिसतं ते नको तितकं रेखीव आहे, जमिनीवर काच अंथरल्यासारखं. सायकल्समध्ये तोच उजेड माझ्याकडे लांब ओघळत येतो.
तीन, खिडकीसमोर लाकडी बाक आहे, तरी बाकामागची खिडकी जमिनीत अख्खी दिसते.

पहिल्या अडचणीवर इंटेन्सिटी वाढवून पाहिली, पण मग भिंतींवरचा उजेड हाताबाहेर जातो.

---

वायरमन_वामन, डिचोली

घोटलेल्या जमिनीवर पॅनेल लाईटची चमक येतेच हो. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे व्हिट्रिफाइड टाइल्सवर छतातले सगळे पॅनेल उलटे दिसायचे. मी ते काढून कोव्ह लाईट दिले, भिंतीवर आपटून येणारे. प्रश्नच मिटला. आणि जुन्या कोब्यावर पॉलिश मारू नका, नुसतं मेण पुरे.

---

बाल्कांवकार

वामनभाऊ, ही जमीन अजून संगणकातच आहे. मला चमक घालवायची नाही, खरी वाटेल अशी आणायची आहे. मेणाचं मात्र मालकांना सांगतो.

---

शेडरसम्राट

एलटीसीचा घाट घालायचा कशाला? 2013 च्या अनरियल 4 च्या नोंदींमधली प्रातिनिधिक बिंदूची युक्ती वापर. परावर्तित किरणाच्या सगळ्यात जवळचा खिडकीवरचा बिंदू शोधायचा आणि तिथे पॉइंट लाईट आहे असं समजायचं. शेवटी दोन्हीकडे आयत पुसटच तर करायचा असतो.

एलटीसीच ठेवायचं असेल तर क्षितिजावर कापाकापी करतोयस का? जमिनीखाली गेलेला बहुभुजाचा भाग कापला नाही तर उजेडाची बेरीज चुकते. तुझी खिडकी फिकी पडतेय ती त्यामुळेच.

---

माशेलची_मनाली

सम्राट, कापाकापी लागते हे खरं, पण इथल्या फिकेपणाचं कारण ते वाटत नाही. आणि आयत पुसट करणं आणि एलटीसी यात बराच फरक आहे, तो आधी सांगते. या धाग्याचा निम्मा गोंधळ तिथेच आहे.

जमिनीवरचा एक ठिपका घ्या. कॅमेऱ्याकडून बघताना त्या ठिपक्याला कुठल्या दिशेचा उजेड किती मोजायचा, हे जीजीएक्स या चकाकीच्या सूत्राचा फुगवटा ठरवतो. समोरून पाहिलं तर तो जवळपास गोल असतो, तिरकं पाहिलं की एका बाजूला झुकतो आणि ताणला जातो. त्या फुगवट्याची खिडकीच्या चौकटीवर बेरीज करायची, तर थेट सूत्र हाती नाही.

हाइट्झ, दुप्युई, हिल आणि न्यूबेल्ट यांनी 2016 मध्ये याला बगल दिली. अगदी साधा फुगवटा घेतला, मॅट पृष्ठभागाचा कोसाइन. एका 3 × 3 मॅट्रिक्स `M` ने सगळ्या दिशा अशा ताणायच्या, दाबायच्या, झुकवायच्या की तो कोसाइन जीजीएक्ससारखा दिसू लागेल. मग उलटा विचार करायचा. फुगवटा ताणण्याऐवजी खिडकीचे चार कोपरेच `M⁻¹` ने उलटे ढकलायचे. आता वाकडीतिकडी झालेली खिडकी आणि साधा कोसाइन एवढंच उरतं. बहुभुजावर कोसाइनची बेरीज करायचं सूत्र तर लँबर्टने अठराव्या शतकातच देऊन ठेवलंय : चार कडा, दर कडेला एक कोन आणि एक क्रॉस प्रॉडक्ट.

म्हणजे अंदाज आहे तो फक्त फुगवट्याच्या आकारात. बेरीज तंतोतंत आहे. प्रातिनिधिक बिंदूत बेरीज होतच नाही, एक बिंदू निवडून ऊर्जेचा हिशेब मागाहून जुळवला जातो. गोल आणि नळीच्या दिव्यांना ते खपतं, पण आयताच्या कडा आणि कोपरे जमिनीवर चुकीचे उमटतात. बाल्कांवकारांना हवा असलेला लांब ओघळ तिरक्या नजरेला फुगवटा ताणला गेल्यामुळे येतो, आणि तो ताण `M` मध्ये आहे.

आता निदान. दोन चाचण्या करा.

पहिली, प्रतिबिंब योग्य जागी पडतंय का. खिडकीची आरशातली प्रतिमा जमिनीखाली तितकीच खोल असते. डोळ्यापासून तिथवर रेघ मारली तर ती जमिनीला भिंतीपासून `6·h/(h+1.5)` मीटरवर छेदते. खालच्या कडेसाठी h = 0.9, म्हणजे 2.25 मीटर. वरच्या कडेसाठी h = 2.4, म्हणजे सुमारे 3.69 मीटर. रफनेस 0.05 ठेवून बघा, उजेडाचा पट्टा या दोन अंतरांच्या मध्ये बसला पाहिजे. बसला नाही तर मॅट्रिक्सचे रकाने आणि ओळी उलटसुलट झाल्यात, किंवा `T1`, `T2` ची दिशा चुकलीय.

दुसरी चाचणी जास्त कामाची. जमिनीपासून 1 मीटरवर 2000 मीटर बाजूचा चौरस प्रकाश, तोंड खाली. कॅमेरा दोघांच्या मध्ये, जवळजवळ सरळ खाली बघणारा. अगदी काटकोनात नको, कारण मग `V - N*dot(V,N)` शून्य होतं, त्याचं `normalize` होऊन NaN येतो आणि मधोमध काळा ठिपका दिसतो. फ्रेनेल आणि दुसरा तक्ता काढून टाका, नुसत्या बेरजेचा आकडा रंग म्हणून छापा. रफनेस काहीही असला तरी जवळपास 1 आलाच पाहिजे, कारण ताणलेल्या कोसाइनची एकूण बेरीज 1 च राहते. किती आला ते इथे लिहा.

---

बाल्कांवकार

पहिली चाचणी पास. पट्टा 2.25 ते 3.7 च्या मध्ये नेमका बसतो.

दुसरीत 0.159 आला. रफनेस बदलला तरी 0.159 च.

---

माशेलची_मनाली

0.159 म्हणजे `1/(2π)`. कुठेतरी `2π` ने दोनदा भागलं जातंय. कडेची बेरीज करणारं फंक्शन इथे टाका.

---

बाल्कांवकार

```glsl
vec3 edgeVec(vec3 a, vec3 b) {
  float x = dot(a, b), y = abs(x);
  float p = 0.8543985 + (0.4965155 + 0.0145206*y)*y;
  float q = 3.4175940 + (4.1616724 + y)*y;
  float v = p / q;
  float t = (x > 0.0) ? v
    : 0.5*inversesqrt(max(1.0 - x*x, 1e-7)) - v;
  return cross(a, b) * t;
}
// नंतर: sum / (2.0 * PI)
```

आधी इथे साधा `acos` होता. फोनवर जमिनीत पट्टे दिसायचे, म्हणून हे सूत्र आणलं. पट्टे गेले.

---

माशेलची_मनाली

सापडलं. `acos` काढला ते बरोबरच केलंत. दोन शेजारचे कोपरे जवळपास एकाच दिशेला असले की डॉट प्रॉडक्ट 1 च्या अगदी जवळ येतो, आणि तिथे `acos` चे शेवटचे आकडे गळतात. पट्टे त्याचेच. म्हणूनच लेखकांनी पुढे हे जुळवलेलं अपूर्णांकाचं सूत्र दिलं.

पण त्या सूत्रात `1/(2π)` आधीच मुरलेला आहे. `y = 1` घालून बघा : वर 1.3654346, खाली 8.5792664, भागाकार 0.15915. तिथे कोन भागिले साइन 1 व्हायला हवा होता, म्हणजे उरलेला 0.159 हा `1/(2π)` च. शेवटचा भागाकार काढा. इंटेन्सिटी जी सहापट वगैरे चढवली असेल ती परत खाली आणा.

---

बाल्कांवकार

काढला. चौरसाची चाचणी आता 0.999 देते आणि खिडकीचा उजेड भिंतीवर आणि जमिनीवर एकाच मापाचा वाटतो. धन्यवाद मनालीताई.

रेखीवपणा मात्र तसाच आहे.

---

केपेचा_कौस्तुभ

मी हेच एका बारच्या काउंटरसाठी केलंय, पणजीत. माझा सगळा कारभार थ्री.जेएसवर, `RectAreaLight` टाकला आणि झालं. आधी `RectAreaLightUniformsLib.init()` करायला विसरलं की काहीच दिसत नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. आणि तो `MeshStandardMaterial` किंवा `MeshPhysicalMaterial` वरच चालतो. तुम्ही हाताने का लिहिताय?

---

बाल्कांवकार

कौस्तुभ, शिंपल्यांच्या खिडक्यांमुळे. त्याकडे नंतर येतो.

---

माशेलची_मनाली

रेखीवपणासाठी : तक्त्यात रफनेस पाठवताय की अल्फा?

जीजीएक्सच्या बाकीच्या कोडमध्ये आपण `alpha = roughness*roughness` करून पुढे जातो, आणि हाताच्या सवयीने तोच अल्फा तक्त्यालाही जातो. पण हा तक्ता रफनेसवर बांधलाय. वर्ग करण्याचं काम तो बनवतानाच झालंय. तुमचा रफनेस 0.4 असेल आणि तुम्ही 0.16 पाठवत असाल, तर तक्ता त्याचा पुन्हा वर्ग धरतो. 0.16 अल्फाच्या जागी 0.0256 अल्फाची जमीन मिळते, म्हणजे जवळपास काच. सायकल्समधला रफनेससुद्धा वर्ग होण्याआधीचाच असतो, म्हणून तुलना अशी फसते.

```glsl
vec2 uv = vec2(roughness, sqrt(1.0 - NdotV));
uv = uv * (63.0/64.0) + 0.5/64.0;
```

दुसरी ओळही सोडू नका. तक्त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या घराच्या मध्यावर 0 आणि 1 बसले पाहिजेत. नाहीतर अगदी तिरक्या नजरेला, म्हणजे खोलीच्या टोकाला, उजेड अचानक उडी मारतो.

---

बाल्कांवकार

अल्फाच पाठवत होतो. बदललं. आता भिंतीकडची कड बऱ्यापैकी रेखीव आणि माझ्याकडची विरघळत येते, सायकल्ससारखीच. दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून वजाबाकी केली, फरक आता फक्त बाकाच्या आसपास आणि भिंतीच्या अगदी पायाशी उरतो.

---

शेडरसम्राट

भिंतीच्या पायाशी म्हणजे माझं क्षितिज! खिडकी जमिनीवर 0.9 मीटर आहे म्हणून तू कापाकापी सोडली असशील.

---

माशेलची_मनाली

यावेळी सम्राटांचं बरोबर. कापायचं ते `M⁻¹` लावून झाल्यावर, आणि त्या उलट्या ढकललेल्या जगातलं क्षितिज हे खोलीतलं क्षितिज नव्हे. मॅट्रिक्स झुकवतोही. त्यामुळे खऱ्या जगात पूर्ण वर असलेली खिडकी तिथे अर्धवट खाली जाऊ शकते, विशेषतः तिरक्या नजरेला. खोलीतल्या उंचीवरून ठरवू नका.

चौकोन एका पातळीने कापला की जास्तीत जास्त पाच कोपरे होतात. फोनवर त्या सगळ्या शक्यतांच्या शाखा नको असतील तर गोलाची तडजोड आहे : चारही कडांचे सदिश बेरजेत घ्यायचे, आलेल्या सदिशाइतकाच उजेड देणारा गोल कल्पायचा आणि त्या गोलाचा क्षितिजावरचा भाग मोजायचा. थ्री.जेएस हेच करतं.

---

बाल्कांवकार

गोलाची तडजोड लावली. पायथ्याचा फरक जवळपास गेला.

आता बाक. मनालीताई, एलटीसीला आडोसा कळतच नाही का?

---

माशेलची_मनाली

नाही. सूत्रात खिडकी आणि ठिपका, मध्ये काहीही नाही. थ्री.जेएसच्या `RectAreaLight` ला सावली नाही त्याचं कारणही हेच. सूत्र मांडणाऱ्यांपैकी दोघांनी मॅकग्वायरसोबत 2018 मध्ये एक मार्ग दिला : थोडे यादृच्छिक किरण सोडून सावलीसकट आणि सावलीविना असे दोन अंदाज घ्यायचे, दोन्हींवरचा कणकणीतपणा पुसायचा, मग त्यांचं गुणोत्तर एलटीसीच्या स्वच्छ उत्तराला लावायचं. जिथे आडोसाच नाही तिथे गुणोत्तर 1 येतं आणि काहीच बिघडत नाही. पण त्यासाठी किरण सोडावे लागतात, फोनच्या ब्राउझरला ते झेपायचं नाही.

तुमची जमीन सपाट आणि सामान स्थिर. जमिनीखालच्या उलट्या कॅमेऱ्यातून फक्त बाक काळा आणि बाकी सगळं पांढरं असा मुखवटा काढा, पुसट करा आणि फक्त चकाकीच्या भागाला गुणा.

---

शेडरसम्राट

सगळीकडे सारखंच पुसट केलं तर बाकाचा पाय जमिनीला टेकतो तिथेही धुकं येईल. खऱ्या जमिनीवर पायाजवळ प्रतिबिंब कडक असतं आणि बाकाच्या बैठकीकडे जाताना मऊ होतं.

---

माशेलची_मनाली

मान्य. मुखवट्यासोबत अंतराचं माप साठवून त्याप्रमाणे पुसट करता येईल, पण ओघळाचा ताण त्यात येणार नाही. रफनेस 0.4 ला ते किती खटकेल हे चित्र बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

---

केपेचा_कौस्तुभ

माझ्या बारमध्ये काउंटरच्या मागची पाटी दोनदा दिसायची, एक कडक आणि एक पुसट. शेवटी जमिनीचा रफनेसच वाढवला. तुमच्याकडे होत नाही का?

---

माशेलची_मनाली

कौस्तुभ, रफनेस वाढवून तुम्ही ते झाकलंत फक्त. तुमच्या परावर्तनाच्या क्यूबमॅपमध्ये ती पाटी आधीच असणार. एलटीसी तोच उजेड दुसऱ्यांदा मिळवतो. क्यूबमॅप काढताना ज्या-ज्या गोष्टी एलटीसीने चालतात त्या सगळ्या काळ्या करायच्या. स्क्रीनस्पेस परावर्तन असेल तर तिथूनही वगळायच्या. ओळखायची खूण : एलटीसीची इंटेन्सिटी शून्य करा. जमिनीत पाटी तरीही दिसली तर ती दोनदा मोजली जातेय. बाल्कांवकार, तुम्हीही बघून घ्या.

---

बाल्कांवकार

बघितलं, माझ्याकडे क्यूबमॅपमध्ये खिडक्या काळ्याच आहेत.

आता शिंपल्यांची खिडकी. लाकडी चौकटीत चार रकाने, सहा ओळी, दर घरात शिंपला. मधल्या पट्ट्या साधारण दोन बोटं जाड. पावसाळ्यातलं आभाळ भरलेलं दृश्य आहे, त्यामुळे शिंपल्यातून मऊ, सगळीकडे सारखा उजेड येतो. 24 वेगळे आयत टाकले तर दर पिक्सेलला 96 कडा होतात, आणि खोलीत अशा तीन खिडक्या आहेत. फोन तापतो.

---

शेडरसम्राट

टेक्श्चर लाव खिडकीला. एलटीसीत टेक्श्चरचा प्रकाशही चालतो, आधीच वेगवेगळ्या पातळ्यांवर पुसट करून ठेवायचं आणि अंतराप्रमाणे पातळी निवडायची.

---

माशेलची_मनाली

चालतो, पण तिथे तंतोतंत बेरीज सुटते. अख्ख्या बहुभुजासाठी टेक्श्चरमधला एकच पुसट नमुना घेतला जातो. सरकत्या चित्राच्या पडद्याला ठीक. लाकडी पट्ट्या जमिनीवर भिंतीकडच्या टोकाला अजून ओळखू येतात, तिथे त्या चिकटलेल्या दिसतील.

माझं मत वेगळं आहे. बेरीज आहे तर वजाबाकीही आहे. अख्खी खिडकी एक आयत. त्यातून तीन उभ्या आणि पाच आडव्या पट्ट्या वजा. 24 ऐवजी 9 आयत, 96 ऐवजी 36 कडा. पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात ते 15 छोटे चौकोन दोनदा वजा होतात, पण या रफनेसला ते दिसणार नाहीत. एक पथ्य : दर आयताची गोलाची तडजोड वेगळी लावून मग वजाबाकी करू नका. आधी सगळे सदिश मिळवा आणि वजा करा, गोल शेवटी एकदाच.

शिंपल्यातून सगळ्या दिशांना सारखा उजेड येतो हे गृहीत मात्र तपासा. एलटीसी तेच धरून चालतो. आभाळ भरलेलं असताना निभेल. डिसेंबरातलं ऊन थेट शिंपल्यावर आलं की उन्हाच्या दिशेला उजेड जास्त जाईल, आणि उघड्या झडपेतून आत पडणारा उन्हाचा तुकडा तर एलटीसीचा विषयच नाही, त्याला साधा दिशादर्शक प्रकाश आणि सावलीचा नकाशा लागेल.

---

बाल्कांवकार

वजाबाकी करून पाहिली. जवळच्या खिडकीला 9 आयत आणि लांबच्या दोघींना एकच, पट्ट्या अडवतात तेवढा उजेड इंटेन्सिटीतून कमी केला. फोनवर आता हलतं नीट. भिंतीकडच्या टोकाला पट्ट्या पुसट पण मोजता येण्याजोग्या दिसतात.

मात्र कॅमेरा चालत जवळच्या खिडकीकडून लांबच्या खिडकीकडे गेला की 1 आयतावरून 9 वर उडी पडते आणि जमिनीवर ते डोळ्याला जाणवतं. हळूहळू मिसळायचं तर दोन्ही मोजावे लागतात. यावर कोणाकडे काही?

---

शेडरसम्राट

पट्ट्यांच्या सदिशांना 0 ते 1 असा गुणक लाव, अंतराप्रमाणे. अख्खी खिडकी तर तशीही मोजतोसच.

---

बाल्कांवकार

गुणक 0 कडे गेला की खिडकी उजळते, कारण पट्ट्यांचा अंधारही जातो. म्हणजे इंटेन्सिटी उलट बाजूने उतरवत न्यावी लागेल. आज रात्री बघतो. बाकाचा मुखवटाही अजून बाकी आहे.

---

वायरमन_वामन, डिचोली

मेणाचं विचारलं का मालकांना?